सह्या केलेले फॉर्म आहेत, पण सही करणारा माणूस कुठंय?

(हे आपल्या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना झालेली पाल्हाळ थोडी कापली आहे. फॉर्मचे नंबर आणि वेबसाइटचे पत्ते ऐकून लक्षात राहत नाहीत, म्हणून ते इथे नीट लिहून दिलेत.)

[००:००] सुरुवात

आजचा विषय जुनी गाडी. इंजिनचा आवाज, टायर, मीटर मागे फिरवलाय का, हे सगळं आज बाजूला ठेवू. ते बघायला चांगला मेकॅनिक मिळतो. कागद बघायला मात्र सोबत कोणी येत नाही, आणि माझ्या अनुभवात गाडी तिथंच अडकते.

मी पारनेर तालुक्यातला. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. गावी आई-वडिलांसाठी एक छोटी पेट्रोल कार घ्यायची होती. नगरच्या बाहेर, पुणे रस्त्याला, जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडे २०१६ची एक हॅचबॅक मिळाली. एमएच-१६ पासिंग. किंमत सांगितली ३,३०,०००. गाडी खरंच चांगली होती. डीलरने ड्रॉवरमधून एक प्लास्टिकची फाइल काढली. त्यात आरसी कार्ड, विम्याची प्रत, आणि मूळ मालकाच्या सह्या असलेले कोरे टीटी फॉर्म. म्हणाला, "भाऊ, सगळं रेडी आहे. ५०,००० इसार द्या आणि आजच गाडी घेऊन जा. नाव आपला एजंट करून देईल महिन्याभरात."

मी इसार दिला नाही. मी फार हुशार आहे म्हणून नाही, त्या दिवशी खात्यात तेवढे पैसे नव्हते म्हणून. नंतरच्या चार दिवसांत त्या फाइलमधून जे निघालं, तो आजचा भाग.

[०२:१५] कार्ड नाही, नोंद बघा

आमच्या कामातली एक गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते. स्क्रीनवर दिसतं ती प्रत असते, खरं काय ते डेटाबेसमध्ये असतं. आरसीचं तसंच आहे. हातातलं स्मार्ट कार्ड ही नोंदीची छापलेली प्रत. ते ज्या दिवशी छापलं त्या दिवशीचं सांगतं. खरी नोंद 'वाहन' या सरकारी डेटाबेसमध्ये असते. त्यानंतर गाडीवर बोजा चढला, एनओसी निघाली, गाडी ब्लॅकलिस्ट झाली, तरी कार्ड जुनंच राहतं.

म्हणून पहिलं काम: स्वतःच्या मोबाइलवर parivahan.gov.in उघडा आणि Know Your Vehicle Details मध्ये गाडीचा नंबर टाका. एमपरिवहन ॲपमध्येही हेच दिसतं. समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट घेऊ नका. तो कधीचा आहे आणि कुठल्या गाडीचा आहे, काहीच कळत नाही.

तिथे मी चार गोष्टी बघतो. नोंदणीची स्थिती ACTIVE आहे का. नोंदणीची मुदत कधी संपते. खाजगी गाडीला ती पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं असते, आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. फायनान्सरचं नाव दिसतंय का. आणि इंधन काय लिहिलंय. गाडीला सीएनजी किट असेल आणि नोंदीत नुसतं PETROL असेल, तर ते किट आरटीओच्या दृष्टीने बेकायदेशीर बदल आहे आणि विम्याच्या दाव्यात ते आडवं येऊ शकतं.

मालकाचं पूर्ण नाव मात्र तिथे दिसत नाही. गोपनीयतेसाठी ते अर्धं ताऱ्यांनी झाकलेलं असतं. म्हणजे ज्या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे, ती तुम्हाला एकट्याने तपासता येत नाही. त्यासाठी मालकच लागतो. माझा प्रश्न इथूनच सुरू झाला.

जाता जाता चेसिस नंबर. तो १७ अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी I, O, Q ही अक्षरं वापरत नाहीत. मॉडेलप्रमाणे त्याची जागा बदलते. इंजिनमागच्या पत्र्यावर असतो किंवा पुढच्या सीटखाली मॅट उचलल्यावर दिसतो. आरसीवरचा नंबर आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील, रंग तेवढ्यापुरता नवा असेल, अक्षरं वरखाली असतील, तर गाडी कितीही आवडली तरी तिथेच थांबा. माझ्या गाडीचा नंबर जुळला. म्हणजे गाडी खरी होती. अडचण माणसाची होती.

[०५:४०] 'फर्स्ट ओनर' म्हणजे नक्की काय?

डीलर म्हणाला होता, सिंगल ओनर गाडी आहे. आरसीवर Owner Serial हा आकडा १ होता, त्यामुळे मलाही ते पटलं.

पण हा आकडा गाडी किती हातांतून गेली ते सांगत नाही. आरटीओत किती वेळा नाव बदललं, तेवढंच सांगतो. आणि आपल्याकडे नाव न बदलताच गाड्या फिरतात. कसं होतं बघा. मूळ मालक गाडी विकतो. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सही करतो, पण घेणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरी सोडतो. घेणारा म्हणतो, नंतर करतो नाव. वर्षभर गाडी वापरतो आणि तोच सह्यांचा गठ्ठा पुढच्याला देतो. पुढचा डीलर असतो. त्याचा फायदा असा, की ट्रान्सफरचा खर्च वाचला आणि गाडी कागदावर अजून 'सिंगल ओनर'च राहिली. म्हणून ती जास्त किमतीला जाते.

हे दोन फॉर्म काय आहेत, ते एकदा नीट समजून घेऊ. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला दिलेली सूचना: मी ही गाडी अमुक माणसाला, अमुक तारखेला दिली. फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. त्याचा एक भाग विकणाऱ्याचा आणि एक घेणाऱ्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं, की गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. म्हणजे तारीख न टाकलेला, घेणाऱ्याचं नाव नसलेला फॉर्म २९ ही सूचनाच नाही. तो नुसता सहीचा कागद आहे.

म्हणून आता मी एकच प्रश्न आधी विचारतो: "आरसीवर ज्यांचं नाव आहे, त्यांच्याशी मला आत्ता बोलता येईल का?" हा प्रश्न विचारला की समोरच्या चेहऱ्यावर बरंच काही दिसतं.

माझा डीलर म्हणाला, "ते कशाला? सह्या आहेत ना."

[०८:३०] तो फोन

आरसीवर पत्ता पाथर्डी तालुक्यातल्या एका गावाचा होता. डीलरने नाखुशीने, ज्याच्याकडून त्याने गाडी घेतली त्याचा नंबर दिला. त्या माणसाने मूळ मालकाचा दिला. मी फोन लावला, तो एका तरुणाने उचलला.

मी म्हटलं, तुमच्या वडिलांच्या नावावरची गाडी घेतोय. त्यांच्या मोबाइलमध्ये डिजिलॉकर उघडून आरसी दाखवता आली तर बरं होईल. आणि ट्रान्सफरच्या वेळी एक ओटीपी येईल, तेवढा लागेल.

पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, "दादा, वडील जाऊन दोन वर्षं झाली. गाडी त्याच्या आधीच विकली होती आम्ही. अजून नाव उतरलं नाही का?"

डिजिलॉकर का मागितलं, ते सांगतो. तिथे आरसी उघडायला गाडीचा आणि चेसिसचा नंबर लागतो, पण नाव आधारवरून येतं. आधारवरचं नाव नोंदीतल्या नावाशी जुळलं तरच आरसी येते. त्यामुळे विकणाऱ्याने तुमच्यासमोर स्वतःच्या मोबाइलमध्ये आरसी उघडून दाखवली, तर माणूस आणि नोंद एकच आहेत याची बऱ्यापैकी खात्री होते. नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकामुळे खऱ्या मालकालाही कधी कधी ती मिळत नाही. तसं झालं तर मूळ आरसी, आधार आणि पॅन समोर ठेवून जुळवायचं. पण 'मोबाइल जवळ नाहीये', 'नंबर बंद झालाय' हे उत्तर आलं, तर पुढचं काम अडणार हे समजून चला. नाव बदलण्याच्या ऑनलाइन अर्जात ओटीपी येतो, आणि तो मालकाच्या मोबाइलवर येतो.

मी डीलरला सांगितलं, मालक वारलेत. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, "काय बी टेन्शन घेऊ नका. सही त्यांनी हयातीत केली आहे ना? मागची तारीख टाकू. एजंट करतो मॅनेज."

इथे जरा थांबून विचार करा. त्या कागदावर काय लिहिलं जाणार होतं? की त्या गृहस्थांनी दोन-तीन वर्षांपूर्वी ही गाडी मला विकली. मी त्यांना कधी पाहिलंही नाही. त्या तारखेला मी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि माझ्याकडे बाइक होती. खाली खरेदीदार म्हणून सही माझी असणार. उद्या कोणी विचारलं तर खोटा कागद माझा, एजंटचा नाही.

[१२:००] मालक वारले असतील तर

कायद्यात याची वेगळी वाट आहे, ती म्हणजे फॉर्म ३१. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी आधी वारसाच्या नावावर होते आणि मग तो वारस ती विकतो. मृत माणसाच्या नावावरून थेट तिसऱ्याच्या नावावर उडी मारता येत नाही. नियमाप्रमाणे वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. उशीर झाला म्हणून वाट बंद होत नाही, दंड भरून काम होतं.

कागद काय लागतात? मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, आणि बाकीच्या वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर. एखादा वारस मुंबईत, दुसरी मुलगी सासरी, असं असलं तरी सगळ्यांच्या सह्या लागतात. एका भावाने सही केली आणि दुसऱ्याने नंतर हरकत घेतली, तर तुमची गाडी त्यांच्या भांडणात अडकते. २०२१पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो. तसा नॉमिनी असेल तर हे काम बरंच सोपं होतं. २०१६च्या गाडीवर तो नव्हता.

मी पाथर्डीला गेलो. घरात आई, हा मुलगा आणि लग्न झालेली एक मुलगी, असे तीन वारस. पैसे त्यांना केव्हाच मिळाले होते, त्यामुळे मला वाटलं होतं की 'आता आमचा काय संबंध' म्हणतील. झालं उलटंच. मुलाने मोबाइल काढून चलानचे मेसेज दाखवले. वडिलांचं सिम तो चालवत होता. वडील गेल्यावर दोन वर्षांत त्यांच्या नावाने सात चलान आली होती: वेग, सीटबेल्ट, एकदा सिग्नल. त्या काकू म्हणाल्या, "प्रत्येक मेसेजला वाटतं, पोलीस येतील. माणूस गेला तरी त्याची गाडी फिरतीच आहे."

[१५:१०] 'ज्याच्या ताब्यात, त्याची जबाबदारी'? नाही.

त्या काकूंची भीती उगाच नव्हती. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच तपासलं. नोंदणीकृत मालकाने कार विकली होती, ती पुढे एकामागून एक अनेक जणांकडे गेली, पण आरटीओत नाव कोणीच बदललं नव्हतं. २००९ मध्ये त्या कारखाली येऊन एका मुलाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितलं, की ज्याच्या नावावर नोंदणी आहे, कायद्याच्या लेखी तोच मालक आणि तोच जबाबदार. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने गाडी कुणी कुणाला विकली त्याची साखळी शोधत बसू नये, ही त्यामागची भूमिका.

यातून दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखं आहे. तुम्ही विकणारे असाल, तर कोऱ्या फॉर्मवर सही देऊन तुम्ही सुटत नाही. आणि घेणारे असाल, तर नाव होईपर्यंत गाडी तुमच्या दारात असली तरी कागदावर तुमची नाही. पुढे विकायची झाली तर तुम्ही परत कोणाच्या तरी सहीसाठी फिरणार, आणि तो माणूस तोपर्यंत असेलच असं नाही.

डीलरच्या बाबतीत एक नवी गोष्ट आहे. एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमांप्रमाणे जुन्या गाड्यांचा डीलर आरटीओकडून अधिकृत करून घेता येतो. मालकाने त्याच्याकडे गाडी दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. त्यानंतर गाडी विकली जाईपर्यंत तो डीलर मालक समजला जातो. म्हणून डीलरकडून घेताना त्याचं अधिकारपत्र आणि त्या गाडीचा २९सी मागा. दोन्ही असेल तर माझ्यासारखी धावपळ होत नाही. नसेल, तर त्याला मध्यस्थ समजा आणि मूळ मालकापर्यंत जा.

[१८:२०] बोजा फिटला म्हणजे उतरला असं नाही

दुसरी अडचण आरसीच्या मागच्या बाजूला होती. फायनान्सरच्या जागी एका बँकेचं नाव. डीलरच्या फाइलमध्ये २०२०चा 'कर्ज निरंक' असल्याच्या दाखल्याची झेरॉक्स होती. तो म्हणाला, "कर्ज फिटलंय, बघा."

कर्ज फिटणं बँकेच्या खात्यात होतं. बोजा उतरणं आरटीओच्या नोंदीत होतं. या दोघांना जोडणारा कागद म्हणजे फॉर्म ३५. त्यावर बँक आणि मालक दोघांच्या सह्या असतात, सोबत बँकेची एनओसी. बहुतेक बँकांच्या एनओसीवर मुदत छापलेली असते, अनेकदा तीन महिन्यांची. पाच वर्षं जुनी झेरॉक्स तिथे काही कामाची नाही. आणि नोंदीत बोजा असेपर्यंत कायदा सांगतो, की फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय नाव बदलता येत नाही.

नवा फॉर्म ३५ कोण मागू शकतं? कर्जदार. तो वारला असेल तर वारस. मी नाही, डीलरही नाही. बँकेचा दाखला खरा आहे का ते शाखेत जाऊन विचारायलासुद्धा खातेदाराच्या घरचं माणूस सोबत लागतं.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. इथे गाडीचं कर्ज सहकारी बँक किंवा पतसंस्थेचं असणं अगदी नेहमीचं. संस्था बंद पडली तर? नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, हे नगरमध्ये कोणाला सांगायला नको. अशा वेळी काही लोकांचा समज असा होतो, की बँक गेली म्हणजे बोजा गेला. तसं नसतं. संस्थेचा कारभार अवसायकाकडे जातो, कर्जाची वसुली तोच करतो, आणि फॉर्म ३५ वर सहीही त्याच्याच कार्यालयातून आणावी लागते. म्हणून फायनान्सरच्या जागी बंद झालेल्या संस्थेचं नाव दिसलं, तर ती सही आणायला किती वेळ लागेल ते विकणाऱ्याला आधी विचारा आणि इसार नंतर द्या.

[२१:३०] चलान आणि नंबरप्लेट

चलान बघायला महाराष्ट्रात mahatrafficechallan.gov.in आहे. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकायचे. केंद्राच्या echallan.parivahan.gov.in वरही बघा. गाडी दुसऱ्या राज्यात फिरली असेल तर तिथली चलान इथे सापडतात. माझ्या गाडीवर सात चलान मिळून ६,५०० रुपये होते. थकीत चलान असली की आरटीओतली कामं अडू शकतात, त्यामुळे 'ते नंतर भरू' हे मान्य करू नका.

चलानचा आणखी एक उपयोग आहे. त्यावर तारीख आणि जागा असते. 'गाडी घरातच उभी असते, कमी चाललीय' असं सांगितलं, आणि चलान महिन्याआड वेगवेगळ्या शहरांतली असतील, तर गाडी कशी वापरली ते तुम्हीच ओळखा.

१ एप्रिल २०१९च्या आधी नोंदलेली गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे ती उच्च सुरक्षा नंबरप्लेट, बसवली आहे का बघा. ती नसेल तर महाराष्ट्रात नाव बदलण्याची कामं अडवली जातात. ती बुकिंगही नोंदीतल्या तपशिलावर होते, म्हणून विकणाऱ्याकडूनच करून घ्या.

गाडी चोरीची नाही ना, यासाठी digitalpolicecitizenservices.gov.in वर गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर टाकून पोलिसांच्या नोंदीतला दाखला काढता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

[२४:००] व्यवहार कसा बांधला

आता माझ्या गाडीचं पुढे काय झालं. वडील म्हणत होते, सोडून दे, दुसरी बघू. बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. पण इथे वारस तिघेच होते, एकत्र होते, आणि त्यांनाही नाव उतरवायचं होतं. म्हणून मी डीलरला सांगितलं, गाडी घेतो, पण माझ्या क्रमाने.

पहिली गोष्ट किंमत. गाडी आधी काकूंच्या नावावर जाणार, मग माझ्या. म्हणजे मी कागदावर तिसरा मालक. पुढे विकताना ते मला महाग पडणार. किंमत ३,१५,००० ठरली. चलान आणि वारस नोंदीचा खर्च डीलरचा.

दुसरी गोष्ट पैसे. इसार फक्त १०,०००, तोही लेखी, अशा अटीवर की बोजा आणि वारस नोंद झाली नाही तर परत. २,५५,००० कधी? 'वाहन'वर काकूंचं नाव आलं, बोजा गेला, आणि त्यांच्या ओटीपीने माझ्या नावाचा अर्ज जमा झाला, त्या दिवशी. उरलेले ५०,००० माझं नाव नोंदीत दिसल्यावर. सगळं बँकेतून. डीलर कुरकुरला. पण त्याची गाडी या कागदांशिवाय दुसऱ्या कोणाकडेही नीट जाणार नव्हती, हे त्यालाही कळत होतं.

तिसरी गोष्ट क्रम. आधी बँकेचा फॉर्म ३५, त्याला १२ दिवस लागले. मग बोजा उतरवणं आणि फॉर्म ३१, त्याला चार आठवडे. मग फॉर्म २९ आणि ३०, या वेळी काकूंनी माझ्यासमोर सही केली, माझं नाव आणि तारीख आधी लिहून. त्याला तीन आठवडे. एकूण साधारण नऊ आठवडे. अर्ज केल्यावर एक ॲप्लिकेशन नंबर मिळतो, त्यावर काम कुठल्या टेबलावर आहे ते पोर्टलवर दिसतं. 'एजंट म्हणतो झालं' यापेक्षा तो नंबर जास्त खरा.

गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहिली: दुपारी २:३०. त्या आधीचं चलान किंवा अपघात त्यांचा, नंतरचा माझा. तुमच्यात आणि विकणाऱ्यात वाद झाला तर हा कागद उपयोगी पडतो. पण मघाचा निकाल लक्षात ठेवा, बाहेरच्या माणसासाठी नोंदीतलं नावच मालक. म्हणून मी ताबा अर्ज जमा झाल्यावर घेतला, आधी नाही.

[२७:४०] विमा राहून जातो

नाव झालं की लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि विमा जुन्या नावावरच राहतो. कायद्याने थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो. पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा आपोआप येत नाही. कंपनीला १४ दिवसांत कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. नाहीतर गाडी ठोकली तर कंपनी म्हणते, विमा ज्यांचा आहे त्यांची गाडी राहिली नाही, आणि गाडी ज्यांची आहे त्यांचा विमा नाही.

जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. नाव बदलताना तेवढा फरक भरावा लागतो. सौदा ठरवताना हे पैसे धरा.

[२९:००] शेवटी

आजचा भाग एमएच-१६ची गाडी आणि एमएच-१६चाच घेणारा, एवढ्यापुरता होता. परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ची एनओसी आणि इथला कर, हे वेगळं प्रकरण आहे. ते पुढे कधीतरी.

एवढ्या धावपळीतून मी एक सवय लावून घेतली. गाडी बघायला जाण्याआधी फोनवरच तीन प्रश्न विचारतो. आरसीवर कोणाचं नाव आहे आणि ते भेटतील का? त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येतो का? फायनान्सरची जागा रिकामी आहे का? तिन्हीची सरळ उत्तरं आली तरच पेट्रोल जाळून जातो.

नाव झाल्याचा मेसेज मला आला, त्याच संध्याकाळी पाथर्डीहून त्या मुलाचा फोन आला. त्याने पोर्टलवर बघितलं होतं. म्हणाला, "आईला सांगितलं, आता मेसेज येणार नाहीत." नवी आरसी पोस्टाने आली, तेव्हा मी फायनान्सरची जागा दोनदा बघितली. रिकामी होती.

तुमच्या घरातली एखादी गाडी विकून झाली असेल आणि नाव उतरलं का ते माहीत नसेल, तर आज एमपरिवहनवर तिचा नंबर टाकून बघा. भेटू पुढच्या भागात.